चिठ्ठीतले ‘ओडी’ की ‘ओडब्ल्यू’?

चंदगड तालुक्यातले अनेक रुग्ण उपचारासाठी बेळगावला जातात. घरी परतल्यावर इंग्रजी चिठ्ठीचा फोटो शहरातल्या मुलाला पाठवून ‘मराठीत सांग’ म्हणणे आता सवयीचे झाले आहे. मात्र भाषांतराआधी चिठ्ठीतली लघुरूपे उलगडावी लागतात. ‘टीडीएस’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच.

समजा, संधिवाताच्या चिठ्ठीत ‘मेथोट्रेक्सेट ७.५ मिग्रॅ’पुढे ‘ओडब्ल्यू’, म्हणजे आठवड्यातून एकदा, असे लिहिले आहे. घाईच्या अक्षरामुळे ते ‘ओडी’, म्हणजे रोज एकदा, असे वाचले गेले, तर मराठी वाक्य बिनचूक दिसेल. पण आठवड्याचा डोस सातपट होईल. मग तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जीवही जातो.

औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम २०१६ पासून आहे. पण ‘किती वेळा’ हे अजूनही लघुरूपातच येते. संधिवातात हे औषध रोज देत नाहीत, हे फार्मासिस्टला ठाऊक असते. शंका आल्यास तो डॉक्टरांना विचारू शकतो. म्हणून भाषांतर त्याला दाखवावे आणि गोळीचा वार पाकिटावर लिहून घ्यावा.