मावसबहीण

सहा-सात महिने इथे काही लिहिले नाही. दोघातिघांनी विचारले, तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. लिहिण्यासारखे होते, पण ते माझ्या एकट्याचे नव्हते, म्हणून थांबलो होतो. आता ज्यांचे ते अर्धे आहे त्यांनी हा मजकूर आधी वाचला आहे, दोन वाक्ये खोडली आहेत आणि बाकीचे छापायला परवानगी दिली आहे. नाव मात्र येणार नाही. नातेवाईक मंडळींनी फोन करून विचारले तरी येणार नाही!

तर झाले असे. सौ. गेल्याला सहा वर्षे झाली. मुलगी पुण्यात. गेल्या वर्षी साताऱ्यात मोडी लिपीचा वर्ग निघाला तेव्हा मी नाव घातले. घरात आजोबांच्या वेळचे दोन दस्तऐवज होते, ते वाचता यावेत एवढाच हेतू. मोडीची एक गंमत आहे. आधी ओळभर शिरोरेखा आखून घ्यायची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे ओढत जायची. चाळीस वर्षे पोरांची शुद्धलेखने तपासलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट फार सुखाची वाटली, ती म्हणजे मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करीत नाहीत. शेजारच्या बाकावर एक निवृत्त परिचारिका बसायच्या. त्याही एकट्या. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते. वर्ग सुटल्यावर एस.टी. मिळेपर्यंत स्टँडवर एक चहा व्हायचा, पुढे आठवड्यातून दोनदा फोन व्हायला लागला. त्या वेळी एवढेच होते, आणि याला काय म्हणावे हे आम्हा दोघांनाही ठरवता आले नव्हते.

गावाने मात्र लगेच ठरवले. आमच्या गल्लीतल्या एकाने स्टँडवर आम्हाला पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर पोचतो तोच स्वागत झाले, "काय गुरुजी, मोडीचा क्लास आता ष्टँडवर भरतोय व्हय?" निवृत्त पोस्टमास्तरांनी त्यावर 'प्रेमा तुझा रंग कसा' म्हणून सूर लावला. वसंत कानेटकरांचा जन्म आमच्या रहिमतपूरचा, त्यामुळे त्यांच्या नाटकांच्या नावांवर आपला वडिलोपार्जित हक्क आहे असे आम्ही सगळेच समजतो. हशा झाला, मी गोंधळलो आणि तोंडातून निघून गेले, "अहो, माझी मावसबहीण आहे ती."

सगळी चूक या एका वाक्यात आहे. मुंबई-पुण्यात कदाचित हे खपले असते. इथे कट्ट्यावरच्या पाचापैकी तिघांना माझ्या आईचे माहेर ठाऊक आहे, मावश्या किती आणि कुठे दिल्या तेही ठाऊक आहे. "कंच्या मावशीची?" असा पहिला प्रश्न आला. थोरलीची म्हणालो. "मग परिचारिका कधी झाली? ती तर शिवणकाम करायची." दहा मिनिटांत मी तीन नवी खोटी बोलून बसलो. संध्याकाळपर्यंत पुतण्याकडून व्हॉट्सअ‍ॅपने बातमी पुण्याला पोचली आणि मुलीचा फोन आला, "बाबा, ही मावसबहीण कोण?" तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

त्या रात्री दोन गोष्टी समजल्या. पहिली मुलीकडून. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग विचारले, "आईचा फोटो काढणार का?" नाही, म्हटले, फोटो आहे तिथेच राहील. तेव्हा ती रडली. मला दुसरे कोणी भेटले याचे तिला वाईट वाटले नव्हते, कट्ट्याला तिच्या आधी कळले याचे वाटले होते. आपल्याकडे आपण क्रम उलटा लावतो. घरच्यांना "काही ठरले की सांगू" म्हणून थांबवतो आणि बातमी गावाकडून त्यांच्यापर्यंत जाते. खाजगी ठेवायचे म्हणजे कोणालाच सांगायचे नाही असे मी धरून चाललो होतो. ज्यांच्या घरात त्या बातमीने उलथापालथ होईल, त्यांना ती कच्ची असतानाच सांगायला हवी होती.

दुसरी गोष्ट बाईंकडून. मावसबहिणीचा किस्सा हसतील म्हणून सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या खरे कळले की लोक म्हणतील, लपवण्यासारखे काहीतरी होते. तुम्हाला ते 'रंगेल' म्हणतील आणि पाठीवर थाप मारतील. मला काय म्हणतील याचा विचार केलात?" मी केला नव्हता. चिडवणे दोघांना सारखे पडत नाही. पुरुषाला ते म्हातारपणीचे कौतुक म्हणून मिळते. बाईला त्याचा जाब तिच्या जावांना, सुनेला आणि शेजारणींना द्यावा लागतो. पुढे जमले नाही तर मी पुन्हा कट्ट्यावर बसायला मोकळा, त्यांच्या नावाला मात्र शेपूट लागायचे. सुरुवातीची ओळख झाकून ठेवायचे खरे कारण हे आहे. आमची आम्हालाच खात्री नसताना गावाने लग्न लावले किंवा मोडले, तर आम्हाला स्वतःहून काही ठरवायची जागाच उरत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवले, अगदी पाठ तयार करावा तसे. खोटे काही बोलायचे नाही. ओळख आहे हे कबूल करायचे. त्यांचे नाव, गाव, घरच्यांची माहिती द्यायची नाही. चेष्टा आली तर ती माझ्यावर घ्यायची, त्यांच्यावर येऊ द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाऊन आधी कान धरले, "काल खोटे बोललो. मावसबहीण नाही, वर्गातली ओळख आहे. पुढे काही सांगण्यासारखे झाले तर पहिल्यांदा इथेच सांगीन. तोवर मला काय चिडवायचे ते चिडवा, त्यांचे नाव काढायचे नाही." पोस्टमास्तर म्हणाले, या वयात हे जमते का? म्हटले, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ धरत नाहीत, तुम्हीही धरू नका. हशा झाला आणि विषय पावसावर गेला.

नंतर लक्षात आले की ही युक्ती आपल्या आयांना पूर्वीपासून ठाऊक होती. दार अडवून नाव घ्यायला लावतात तेव्हा नवी नवरी काय करते? यमक जुळवते, चांदीचे ताट, नाहीतर महादेवाची पिंड आणते आणि शेवटी नाव घेते. अडवणाऱ्यांना त्यांचा मान मिळतो आणि नवरा कसा आहे, जमते का, यातले एक अक्षर कोणाला कळत नाही. मला नावही द्यायचे नव्हते, एवढाच फरक. पण चेष्टा करणाऱ्याला काहीतरी हातात दिल्याशिवाय तो दारातून हलत नाही, हे उखाण्यात पक्के आहे. नुसते "तुम्हाला काय करायचंय?" म्हटले की दुप्पट माणसे दारात येतात.

सगळेच प्रश्न चेष्टेचे नसतात हेही सांगितले पाहिजे. आमच्यातले एक बँकेतून निवृत्त झाले आहेत. ते कट्ट्यावर एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी एकटे घरी आले, चहा घेतला आणि विचारले, "पैसे मागितले का? घर कुणाच्या नावावर आहे, हे त्यांनी विचारले का? त्यांना ओळखणारे आणखी कोणी आहे?" मला आधी राग आला. पण चौघांत विचारतो त्याला मजा हवी असते, एकटा येऊन विचारतो त्याला बहुधा काळजी असते. बँकेत असताना त्यांनी एकट्या राहणाऱ्या माणसांच्या ठेवी मोडताना पाहिल्या होत्या. फसवणारा माणूस पहिली अट हीच घालतो, की आपले कोणाला सांगू नका. म्हणून त्यांना मी सगळे सांगितले, नावासकट. वर्गाबाहेर कुठे जायचे असले तर त्यांना कळवून जात असे. बाईंनीही त्यांच्या एका जुन्या सहकारिणीला सांगून ठेवले होते. फोनवरून किंवा नेटवरून ओळख झालेली असेल तर हे आणखी जरुरीचे आहे, आणि पैसे गेलेच तर लाजून बसू नये, १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

पुण्यात आता निराळी सोय आहे. माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांसाठी असे मंडळ काढले, तिथे एकटे राहणारे स्त्री-पुरुष ओळख व्हावी म्हणूनच येतात. सगळेच एका नावेत, मग चिडवायचे कोणी कोणाला? रहिमतपुरात तसे काही नाही. इथे कट्टाच आहे आणि त्याच्याशी निभवायचे आहे.

बी.ए.ला मराठी घेतलेल्यांना 'कुसुमानिल' आठवेल. कवी अनिल आणि कुसुमावती यांची लग्नाआधीची पत्रे. लग्न झाले १९२९ साली, पुस्तक आले १९७२ साली, कुसुमावती जाऊन अकरा वर्षे झाल्यावर. कॉलेजात असताना मला वाटायचे, एवढी सुंदर पत्रे इतकी वर्षे पेटीत का ठेवली? आता नाही वाटत.

परवा आम्ही दोघे कट्ट्यावरून गेलो, मुद्दाम, सकाळी साडेआठला. मुलीला आदल्या आठवड्यात सांगितले होते, त्यांच्या मुलालाही. पोस्टमास्तर उठून उभे राहिले आणि बाईंना नमस्कार केला. म्हणाले, "गुरुजींनी तुमचं नाव आजवर सांगितलं न्हाई." बाई म्हणाल्या, "मीही नाही सांगणार, चहा तर पाजा." बँकवाले गालातल्या गालात हसत होते. चहा आला. लग्न करणार का, हे कोणीतरी विचारलेच. ते अजून आमचे ठरलेले नाही.