ताबा मिळाला, सल्ल्याला कोण?

रात्रीचे अकरा वाजलेले. सात वर्षांच्या मुलाला १०२ ताप. आत्ताच दवाखाना गाठावा की सकाळपर्यंत थांबावे? घटस्फोटित मातेला हे विचारायला घरात कोणी नसते. निर्णय चुकला तर दोष देणारे मात्र सकाळी हजर! तिला थकविते ते काम नव्हे, प्रत्येक निर्णयाचे एकटीवर पडणारे ओझे.

कायद्याने १९५६ साली पित्यास प्रथम नैसर्गिक पालक मानले, त्याच्या ‘नंतर’ मातेस. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा अर्थ लावला. तरीही परस्परसंमतीच्या घटस्फोटात पोटगी आणि भेटीचे रविवार काटेकोर लिहिले जातात. शाळा, शस्त्रक्रिया यांविषयी कोणी कोणाशी, किती दिवसांत बोलावे, हे बहुधा राहूनच जाते. ते संमतीपत्रातच नोंदवून घ्यावे.

पण मध्यरात्री कागद फोन उचलत नाही. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरविणाऱ्या मामा-मावशींनी, आजी-आजोबांनी तो उचलावा. ‘जुळवून घ्यायला हवे होतेस’ हा उपदेश तिला नको. ‘ताप किती आहे? मी निघालो’ एवढेच हवे.