जनगणनेतला बौद्धांचा आकडा : चार कसोट्या

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, तर राज्यातील बौद्धांची संख्या ५८.३८ लाखांवरून ६५.३१ लाख, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनीच वाढली. वाढ खरोखर मंदावली की नोंदीच चुकल्या? नुसत्या आकड्यावरून हे कळत नाही. त्यासाठी नोंदीच तपासाव्या लागतात.

पहिली कसोटी पूर्णतेची : सगळे मोजले गेले का? २०११ च्या गणनेनंतर सरकारने नमुना-क्षेत्रांत पुन्हा मोजणी केली, तेव्हा हजारी २३ माणसे सुटल्याचे आढळले. पण ही देशाची सरासरी आहे, आपल्या वस्तीची नाही.

दुसरी अचूकतेची : जे लिहिले ते खरे आहे का? आडनाव पाहून प्रगणकाने न विचारताच ‘हिंदू’ लिहिले, तर माणूस मोजला जातो, पण धर्म चुकतो.

तिसरी सुसंगततेची : एका नोंदीतली उत्तरे एकमेकांशी जुळतात का? २०११ च्या अर्जात धर्म आणि अनुसूचित जात हे वेगळे प्रश्न होते. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. म्हणून धर्म ‘बौद्ध’ आणि जात ‘महार’ ही नोंद सुसंगत आहे. जातीच्या जागीही ‘बौद्ध’ लिहिले, तर ते नाव अनुसूचीत नसल्याने अनुसूचित जातीच्या संख्येत ती व्यक्ती येत नाही. उलट बौद्ध कुटुंबाची ‘हिंदू, महार’ ही नोंद पूर्ण सुसंगत असूनही खोटी असते. संगणक अशी चूक पकडू शकत नाही.

चौथी वेळेची : २०११ चे धर्मनिहाय आकडे ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाले. २०२१ ची गणना लांबल्याने पुढेही तेच वापरात राहिले.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या गणनेनंतर हे मोजता येईल. समजा, आपल्या यादीत २०० कुटुंबे आहेत आणि १८८ जणांकडे गणना झाली. पूर्णता ९४ टक्के. त्या १८८ मधून चिठ्ठ्या टाकून ३० घरे निवडली आणि २७ घरांनी धर्म बरोबर लिहिल्याचे सांगितले. अचूकता ९० टक्के. याच ३० घरांत धर्म आणि जात या उत्तरांची जोडी तपासली की सुसंगतता कळते.

दोन मर्यादा मात्र आहेत. जनगणना कायदा, १९४८ नुसार वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात. अर्ज आपल्याला पाहता येणार नाही, कुटुंबाच्या सांगण्यावरच विसंबावे लागेल. म्हणून विचारणा त्याच आठवड्यात व्हावी. दुसरे, ३० घरांत दोन घरे इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी सहा-सात अंकांनी हलते. एका वस्तीवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये. पण दहा वस्त्यांत तीच चूक दिसली, तर ती योगायोगाची म्हणता येणार नाही. मग तहसील कार्यालयात नेमकी चूक दाखवून बोलता येईल.