चारशे छप्पन रुपये, तीन वेळा

मेअखेरीला जालन्याच्या बाजारात बियाणे-खतासाठी गर्दी उसळते. नेमक्या त्याच दिवसांत, 25 ते 31 मेदरम्यान, खात्यातून विम्याचा हप्ता कट होतो. अपघात विमा, म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, तिचे 20 रुपये. जीवन ज्योती विम्याचे 436. दोन्हींचे वर्ष 1 जूनला सुरू होते. या योजना 2015 साली आल्या, तेव्हा खाते उघडताना किंवा गावातल्या शिबिरात सह्या-अंगठे घेतले गेले. त्या अर्जात एक ओळ आहे: दर वर्षी हप्ता, आणि तो पुढे बदलला तर बदललेली रक्कम, माझ्या खात्यातून वळती करावी. म्हणूनच 2022 मध्ये 12 चे 20 आणि 330 चे 436 झाले, तरी नवी सही लागली नाही.

आता अंबड तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी बाईचे उदाहरण घ्या. एक खाते जनधनचे, दुसरे पीककर्जासाठी वेगळ्या बँकेत, तिसरे मजुरी जमा होण्यासाठी. तिन्ही ठिकाणी अर्ज भरला गेला असेल, तर वर्षाला 456 रुपये तीनदा जातात, म्हणजे 1368. भरपाई मात्र तिप्पट होत नाही. प्रत्येक योजनेत एका माणसाला एकाच खात्यातून विमा मिळतो, कमाल दोन लाख, आणि जादाचे हप्ते जप्त होऊ शकतात. एका बँकेला दुसऱ्या बँकेतला अर्ज दिसत नाही. पैसे घेताना कोणी विचारत नाही, कारण विचारायचे ते त्या सहीनेच एकदा उरकलेले असते.

मला याहून जास्त काळजी वाटते ती उलट बाजूची. बियाण्यासाठी खाते रिकामे केले आणि हप्त्यापुरतीही शिल्लक उरली नाही, तर विमा बंद पडतो. घरात मृत्यू झाला की वारस बँकेत जातात आणि तिथे त्यांना हे पहिल्यांदा कळते. पुन्हा हप्ता भरून जीवन ज्योतीत येता येते, पण सुरुवातीच्या 30 दिवसांत अपघाताखेरीज मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत.

मोबाइलवरच्या ऑटोपेला रिझर्व्ह बँकेने निदान एक दिवस आधी सूचना देण्याचे बंधन घातले आहे, आणि परवानगी ॲपमधूनच रद्द करता येते. जुन्या कागदी सहीसाठी शाखेत जावे लागते. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळी पासबुके भरून घ्या आणि PMSBY, PMJJBY या नोंदी शोधा. दोन ठिकाणी सापडल्या तर ज्या खात्यात मेअखेरीस पैसे हमखास असतात ते ठेवा. बाकीच्या बँकांत हप्ता थांबवण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एकाही पासबुकात नोंद नसेल, तर त्याच दिवशी शाखेत नवा अर्ज भरा.