झेरॉक्स वाटणं म्हणजे गटअभ्यास नव्हे

स्पर्धा परीक्षेचे पाच जण अभ्यासिकेत एकत्र येतात, पाच प्रकरणं वाटून घेतात, प्रत्येक जण एकाच्या नोट्स काढतो आणि बाकीच्यांना झेरॉक्स देतो. याला आपण गटअभ्यास म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येकाला एकच प्रकरण समजलेलं असतं. उरलेली चार तो दुसऱ्याच्या भरवशावर पाठ करतो.

कलम 32 घ्या. 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं, हे प्रत्येकाच्या वहीत असतं. पण का म्हटलं, असं विचारलं की गट गप्प होतो. हक्क मोडल्यावर न्यायालयात दाद मागता येत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. हे कारण नक्कल करून कळत नाही, ते दुसऱ्याला सांगावं लागतं.

म्हणून प्रकरणं वाटू नका. पाचही जणांनी घरी एकच विषय वाचावा आणि स्वतःच्या शब्दांत एक पान लिहावं. बसल्यावर चिठ्ठी काढा. ज्याचं नाव निघेल त्याने वही मिटून दहा मिनिटं कलम 32 समजावावं. नाव आधी ठरलं तर बाकीचे वाचून येत नाहीत. दुसऱ्या चिठ्ठीवाल्याने 'का' विचारावं. तिसऱ्याने नवा प्रसंग सोडवावा: मंजूर शिष्यवृत्ती कार्यालयाने अडवून ठेवली, तर जायचं कुठे? 'परमादेश' एवढं उत्तर पुरेसं नाही. कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात जायला मूलभूत हक्काचा भंग दाखवावा लागतो. कलम 226 खाली उच्च न्यायालय इतर कारणांसाठीही आदेश देऊ शकतं, म्हणून इथे तीच वाट सोयीची. शेवटी पाचही जणांनी न बघता अर्धं पान लिहावं आणि संविधानाच्या मूळ मजकुराशी ताडून पाहावं. हे टाळलं तर एकाची चूक पाचही जणांची होते.

गटातला सर्वात हुशार मुलगा मध्येच उत्तर देतो, तिथे ही पद्धत मोडते. त्याने शेवटी बोलावं, असा नियम करा. अडखळणाऱ्या मुलीला वेळ द्या, सूट देऊ नका. एक बोलणार आणि चौघं उतरवून घेणार, ही ज्ञानाची उतरंड आपणच आपल्या खोलीत का उभारायची?

'इतका वेळ कुठे आहे?' असं कुणी म्हणेल. सनावळी आणि याद्यांसाठी हे करूच नका, त्या एकट्याने पाठ करा. जिथे कारण समजायला हवं, तिथेच ही पद्धत वापरा. गट पाचापेक्षा मोठा झाला तर दोन करा, नाहीतर पाळीच येत नाही.

आपला गट कसा चाललाय, हे तपासायचं असेल तर सगळ्यांच्या वह्या शेजारी ठेवा. पाचही वह्यांत तेच उदाहरण आणि तीच शुद्धलेखनाची चूक दिसली, तर अभ्यास एकानेच केलाय.

जय भीम!