खाल्लेले अंगी लागत नाही, तेव्हा

गेल्या वर्षी आषाढात अहमदपूरजवळच्या एका खेड्यातून सदुसष्ट वर्षांच्या एक मावशी माझ्या दवाखान्यात आल्या. सोबत मुलगा आणि सून होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) पाच महिन्यांत त्यांचे वजन छप्पन्न किलोवरून सत्तेचाळीसवर आले होते. “जेवण जातंय डॉक्टरसाहेब, पण अंगी लागंना,” एवढेच त्या म्हणाल्या. सुनेने हळूच विचारले, “कॅन्सर तर नसेल ना?”

प्रामाणिकपणे सांगतो, दोन महिन्यांपूर्वी त्या आल्या होत्या, तेव्हा मी रक्तदाब पाहून आणि अशक्तपणाचे औषध देऊन त्यांना परत पाठवले होते. नाडी जलद आहे हे मला दिसले होते, परंतु उन्हातून चालत आल्यामुळे ती वाढली असावी, असा मी समज करून घेतला. या वेळी त्यांना दहा मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा नाडी पाहिली. ती मिनिटाला एकशेचोवीस होती आणि ठोक्यांत कोणताही ताल नव्हता. पुढे केलेल्या हाताची बोटे बारीक थरथरत होती आणि तळवा ओलसर, गरम होता. विश्रांतीतही उतरत नसलेली नाडी, कारणाविना घटणारे वजन आणि गरम तळवा या तीन खुणा एकत्र दिसल्या, की थायरॉईड तपासल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

तरुणपणी हा आजार उघडपणे बोलतो. चिडचिड, घाम, निद्रानाश, वखवखलेली भूक, बाहेर आलेले डोळे, गळ्यावरची सूज. वृद्धापकाळी मात्र तो पुष्कळदा मुका असतो. गळा सुजलेला नसतो, डोळे साधे दिसतात, भूकही कधी कधी उलट मंदावते. माणूस केवळ वाळत जातो, गप्प होतो आणि त्याचे हृदय अनियमित धावू लागते. म्हणून घरची माणसे क्षयाची किंवा कर्करोगाची शंका घेतात, आणि डॉक्टर हृदयविकाराचे औषध देत राहतात.

मावशींच्या रक्ततपासणीत टीएसएच जवळजवळ शून्य आणि फ्री टी-फोर बरेच वाढलेले निघाले. हृदयाच्या आलेखात वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर दिसली, जिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थायरॉईडला चेतवणारी प्रतिपिंडे शोधण्याची टीआरएबी नावाची तपासणी बाहेरगावी पाठवावी लागली. ती सकारात्मक आली आणि निदान पक्के झाले : ग्रेव्हजचा आजार. डब्लिन येथील डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ही शेवटची तपासणी निरर्थक खर्च नव्हे. कधी कधी थायरॉईडला तात्पुरती सूज येते आणि साठलेले संप्रेरक रक्तात गळते. तेव्हाही अहवाल असाच दिसतो, पण त्या विकारात पुढे सांगितलेल्या गोळीचा काहीही उपयोग होत नाही.

आता या आजारात नेमके काय घडते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाद्वारे थायरॉईडला काम किती करायचे ते सांगते. ग्रेव्हजमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रतिपिंडे टीएसएचच्या जागी जाऊन बसतात आणि तोच हुकूम अखंड देत राहतात. पिट्युटरी आपला आवाज बंद करते, म्हणूनच टीएसएच शून्याकडे जाते, तरी थायरॉईड थांबत नाही. वाढलेल्या संप्रेरकामुळे शरीराची जळण वेगाने होते, स्नायू आणि हाडे झिजतात, हृदय धावू लागते.

“गोळी दिली की किती दिवसांत उतार पडेल?” मुलाने विचारले. मी त्याला त्यांच्याच वाड्यातल्या हौदाचे उदाहरण दिले. हौदात येणारा नळ आज बंद केला, तरी साठलेले पाणी संपायला काही दिवस लागतातच. थायरॉईड ही अशीच साठा करणारी ग्रंथी आहे. कार्बिमाझोल ही गोळी आयोडिनपासून नवे संप्रेरक बनण्याची क्रिया रोखते, म्हणजे नळ बंद करते, पण साठलेले संप्रेरक ती काढून टाकत नाही. म्हणून पहिला स्पष्ट फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात हृदयाला सांभाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. ती नाडी आणि थरथर कमी करते, मूळ आजाराला मात्र स्पर्श करीत नाही. दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा दमा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

मावशींना कार्बिमाझोल रोज वीस मिलिग्रॅम आणि जोडीला प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. अनियमित हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. म्हणून लातूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ ठेवणारी गोळीही दिली. दोन आठवड्यांनी नाडी ब्याण्णववर आली, पण वजन तेवढेच होते. मुलगा निराश झाला. हौद अजून रिता झाला नव्हता, एवढेच.

सहाव्या आठवड्यात मावशींना ताप आला आणि घसा दुखू लागला. सुनेने मला दूरध्वनी केला, याचे मला फार समाधान वाटले, कारण मी तिला पहिल्याच दिवशी एक सूचना कागदावर लिहून दिली होती. कार्बिमाझोलमुळे शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात. हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते, आणि तेव्हा साधा घशाचा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून ही गोळी चालू असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले, की गोळी तत्काळ थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. घरातील क्रोसिन देऊन दोन दिवस वाट पाहू नये. मावशींच्या पेशी व्यवस्थित होत्या. साधा ताप होता. गोळी पुन्हा सुरू केली. डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागली, तरीही हाच नियम पाळावा, कारण क्वचित यकृतालाही बाधा होते.

दहाव्या आठवड्यात फ्री टी-फोर सामान्य झाले, पण टीएसएच शून्यच होते. अहवालावर त्या आकड्याशेजारी छापलेली खूण पाहून मुलाने विचारले, “गोळी वाढवायची का?” ही चूक अनेक घरांत होते. दीर्घकाळ गप्प बसलेली पिट्युटरी जागी व्हायला कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात. या काळात मात्रा ठरवायची ती टी-फोर आणि टी-थ्री पाहून. केवळ टीएसएच पाहून गोळी वाढवली, तर रुग्ण दुसऱ्या टोकाला, संप्रेरकाच्या तुटवड्याकडे जातो.

चौथ्या महिन्यात मावशींची नाडी तालात आली. आता खरा निर्णय घ्यायचा होता. एक मार्ग म्हणजे कार्बिमाझोल दीड वर्षापर्यंत चालू ठेवून मग थांबवणे. परंतु थांबवल्यानंतर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो. तरुणात तो परतला तर पुन्हा गोळी देता येते. ज्यांचे हृदय एकदा बिघडले आहे, त्यांच्यात मात्र तो परतणे म्हणजे पक्षाघाताची टांगती तलवार. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. ग्रंथी मोठी असेल, तिच्यात संशयास्पद गाठ असेल किंवा डोळ्यांचा त्रास तीव्र असेल, तर तो उत्तम. पण आधी संप्रेरक ताब्यात आणावे लागते. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या लहान ग्रंथी ग्रंथीला लगटून असल्याने सरावलेला शल्यविशारदच हवा.

तिसरा मार्ग किरणोत्सारी आयोडिनचा. महाराष्ट्रात तो नवा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या क्षेत्रात काम करीत आहे. थायरॉईडला आयोडिन हवे असते, आणि ते किरणोत्सारी आहे की साधे हे तिला कळत नाही. तोंडाने घेतलेले हे आयोडिन ती शोषून घेते आणि त्यातील किरणांनी तिच्या पेशी आतून हळूहळू निकामी होतात. न शोषलेले आयोडिन प्रामुख्याने लघवीवाटे जाते. या आयोडिनची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. परिणाम मात्र दीड ते सहा महिन्यांत दिसतो. गर्भवतीला हे देत नाहीत. डोळ्यांचा आजार सक्रिय असेल, विशेषतः रुग्ण तंबाखू ओढत असेल, तर डोळे अधिक बिघडू शकतात. म्हणून आधी नेत्रतपासणी करून घ्यावी.

मावशींचे डोळे निर्दोष होते. त्यांनी हाच मार्ग निवडला, पण एक अडचण होती : दोन वर्षांचा नातू त्यांच्याच कुशीत झोपत असे. औषध घेतल्यानंतर काही दिवस त्यांच्या शरीरातून किरण बाहेर पडतात, आणि लहान मुलांना व गर्भवतींना त्यापासून दूर ठेवावे लागते. किती दिवस, हे मात्रेनुसार ते केंद्रच लिहून देते. त्यांच्या कागदावर लिहिलेले दिवस पाळण्यासाठी नातवाला तीन आठवडे आजोळी पाठवले. मावशी मुंबईतच लेकरे नसलेल्या नातलगांकडे स्वतंत्र खोलीत काही दिवस राहिल्या आणि मगच लातूरच्या गाडीने परतल्या. औषधाच्या काही दिवस आधी कार्बिमाझोल थांबवले होते. ते कधी थांबवायचे आणि पुन्हा घ्यायचे का, हे त्याच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

चार महिन्यांनी मावशींना थंडी वाजू लागली, चेहरा किंचित सुजला. टी-फोर खाली आले होते. ग्रंथी निकामी झाली होती, म्हणजे उपचार सफल झाला होता. पहाटे उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी पंचवीस मायक्रोग्रॅमपासून सुरू केली. हृदय जपायचे म्हणून मात्रा सावकाश वाढवली. “म्हणजे आजार गेला, की नुसता बदलला?” सुनेने विचारले. तिचा प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, “बदललाच. पण धावत्या हृदयाच्या जागी एक गोळी आली. मात्रा बसली की वर्षातून एक-दोन वेळा तपासणी पुरते. ती मात्र आयुष्यभर सोडायची नाही.”

आज मावशींचे वजन त्रेपन्न किलो आहे. नातू पुन्हा त्यांच्या कुशीत झोपतो. रक्त पातळ करणारी गोळी अजून चालू आहे. ती थांबवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील, नाडी तालात आली म्हणून आपण घरी ठरवू नये. आपल्या घरातील वृद्धांचे वजन विनाकारण उतरत असेल, तर त्यांना दहा मिनिटे स्वस्थ बसवा, मनगटावर तीन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. मी पहिल्या भेटीत तेवढे केले असते, तर मावशींचे दोन महिने वाचले असते.