उंबऱ्यावर कोण उभं राहणार?

मंडळी, लग्नसराई सुरू आहे म्हणून थोडं लांबच लिहितोय. सवडीनं वाचा.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या घरी चुलतभावाचं लग्न झालं. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी काकू. काका गेले तेव्हा हा पोरगा सहा वर्षांचा होता. काकूनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं, रात्री ब्लाऊज शिवले, पोराला डिप्लोमा करवला. लग्न ठरवलं तिनं, साड्या काढल्या तिनं, हॉलवाल्याशी घासाघीस तिनं केली. पण नवी सून दारात येणार म्हटल्यावर याद्या करताना सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ओवाळणार थोरली काकू. कारण ती सवाष्ण. धाकटी त्या वेळी कुठं असणार, हे कुणी बोललंच नाही. बोलायची गरजच नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

आपल्याकडं सून घरात कशी घेतात, हे वेगळं सांगायला नको. वरात दारात आली की आधी भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी दोघांवरून उतरून बाजूला टाकायचं. पायावर पाणी, डोळ्यांना पाण्याचं बोट. मग कुंकू, अक्षता, आणि निरांजन, सुपारी, अंगठी ठेवलेल्या ताटानं औक्षण. करवल्या दार अडवतात, नाव घ्यायला लावतात. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप असतं, ते नवरीनं उजव्या पायानं हळूच लवंडायचं आणि आत यायचं. आणि या सगळ्यात चारी बाजूंनी एकच वाक्य चालू असतं, "लक्ष्मी आली गं, लक्ष्मी आली."

किती गोड वाक्य आहे! बोलणारी माणसं मनापासून बोलतात, त्यात शंका नाही. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर, याच घरातल्या बायकांनी धाकट्या काकूलाही लक्ष्मीच म्हटलं होतं. तिनंही असंच माप लवंडलं होतं. मग काका गेले, आणि त्या लक्ष्मीला पुन्हा त्या उंबऱ्यावर शुभकार्यात उभं राहायला कुणी सांगितलं नाही. म्हणजे आपण सुनेला जो मान देतो, तो तिला नसतो. तो तिच्या नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेला असतो. आणि तो परत घेतला जातो.

आता कुणी म्हणेल, अहो, हे सगळं बदललं की! हेरवाडचा ठराव झाला ना. झाला. हेरवाड आमच्याच तालुक्यातलं गाव. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात, 17 मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. आम्हाला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे.

पण ठरावाचा हात कुठवर पोचतो, ते बघा. अंत्यविधीला चार पंच उभे राहून "बांगड्या फोडायच्या नाहीत" म्हणू शकतात. ते सगळ्यांसमोर होतं, थांबवता येतं. पण लग्नघरात ओवाळायचं ताट कुणाच्या हातात द्यायचं, हे ग्रामसेवक येऊन ठरवत नाही. ते पाच मिनिटांत, घाईगर्दीत, नात्यातल्याच बायका ठरवतात. आणि तिथं कुणी कुणाला "तू ओवाळू नको" असंही म्हणत नाही. फक्त ताट दुसरीच्या हातात दिलं जातं. जिथं कुणी नाही म्हटलंच नाही, तिथं तक्रार कुणाची करणार? विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला. तेव्हापासून आजवर कायदा दारापर्यंत आला. उंबरा ओलांडणं राहिलंय, आणि ते काम सरकारचं नाही. ते आपलंच आहे.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो, कारण ते वाटतं तितकं सोपं नव्हतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी भावानंच विषय काढला. "आई, दारात तूच ओवाळायचंस." काकू ताडकन म्हणाली, "नको बाबा. पोरीच्या संसाराला कशाला नाट लावू?" बघा, बाहेरचं कुणी बोललं नाही. तीच बोलली. वीस वर्षं मागं उभं राहिलेल्या बाईला एकदम पुढं ये म्हटलं, तर ती येत नाही. तिला खरंच भीती वाटते. उद्या काही कमी-जास्त झालं तर बोट आपल्याकडं येणार, हे तिनं पाहिलेलं असतं. म्हणून "आम्ही तर म्हटलं होतं, तीच नको म्हणाली" हे जे अनेक घरांत सांगतात, ते खरं असलं तरी पुरेसं नाही. एकदा विचारून मोकळं होता येत नाही.

भाऊ दोन दिवस गप्प बसला. मग होणाऱ्या बायकोला त्यानं फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या घरच्यांना मी सांगते. त्यांनी ऐनवेळी काही बोलायला नको." हे महत्त्वाचं आहे. मुलीकडच्यांना आधी कल्पना नसली की दारात कुजबुज होते, आणि ती आधी ओवाळणाऱ्या बाईच्याच कानावर पडते. तिच्या आईनं थोडी कुरकूर केली, मग मान्य केलं.

तरी काकू तयार नव्हतीच. शेवटी गाठ सोडवली ती थोरल्या काकूनं. या बाईला भाषणं येत नाहीत, फेसबुक माहीत नाही. आदल्या रात्री मेथी निवडता निवडता ती जावेला म्हणाली, "अगं, पोर तुझं. ताट मी धरतो, तू ओवाळ. काय लागायचं ते दोघींना लागंल." एवढंच.

आणि तसंच झालं. दारात दोघी उभ्या राहिल्या. थोरलीनं भाकरतुकडा उतरून टाकला. ताट दोघींनी धरलं. काकूचा हात थरथरत होता, निरांजन दोनदा विझता विझता राहिलं. मागून एक लांबची आत्या पुटपुटलीच, तिला कुणी उत्तर दिलं नाही. काकूनं सुनेला कुंकू लावलं. सगळे "लक्ष्मी आली" म्हणत होते, आणि काकू काय म्हणाली? "ये बाळ. सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस न्हवं? आधी दोन घास खा, मग नाव घे." करवल्यांना तिनं बाजूला केलं. ती पोर पहाटे चारपासून जागी होती. माप लवंडून आत आली आणि देवाला नमस्कार केल्यावर पहिल्यांदा तिच्या पुढ्यात दही-भात आला.

मला विचाराल तर त्या दिवशी घरात बोललं गेलेलं सगळ्यात मायेचं वाक्य ते होतं. कारण त्यात शकुन नव्हता. त्यात ती मुलगी होती, तिची भूक होती. "लक्ष्मी आली" हे वाक्य सुनेकडून काहीतरी मागतं. भरभराट आण, चांगला पायगुण दाखव. "दोन घास खा" हे वाक्य तिला काहीतरी देतं.

पायगुणाचं म्हणाल तर त्याची परीक्षाही लवकरच झाली. दोन महिन्यांनी भाऊ मोटारसायकलवरून पडला, पायाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. बघायला आलेल्यांपैकी एकीनं हळूच विषय काढला की दारात सगळं रीतीनं झालं असतं तर... बोट दोघींकडंही होतं. ओवाळणाऱ्या हाताकडंही आणि घरात आलेल्या पावलाकडंही. हीच तर गंमत आहे. नवी सून आणि विधवा सासू यांना एकाच काठीनं मारता येतं. आज जिला पायगुणाची म्हणून डोक्यावर घेता, उद्या तिलाच अवलक्षणी म्हणायची वाट त्याच शब्दात तयार असते.

काकूनं सुनेसमोरच उत्तर दिलं, "रस्त्यात खड्डा होता, आणि यानं हेल्मेट घातलं होतं म्हणून डोकं वाचलं. हिच्या पायाचा काय संबंध?" सून तिच्या शेजारीच बसली होती. पहिल्या दिवसाच्या गोड शब्दांचा खरा अर्थ तिला त्या क्षणी कळला असणार. दारात काय बोललं गेलं त्यापेक्षा, वाईट दिवशी त्यातलं काय टिकलं, यावर सासर ठरतं.

म्हणून या सीझनला ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना हात जोडून एवढंच सांगणं. तुमच्या घरात अशी आई, आजी, आत्या, मावशी असेल तर ताटाचं आठ दिवस आधीच बोला, दारात नको. मुलानं स्वतः बोलावं. मुलीकडं आधी सांगावं. ती नको म्हणाली तर सोडून देऊ नका, पण सगळ्यांसमोर ओढूही नका, त्यानं ती अजून संकोचेल. एखादी सवाष्ण जाऊ किंवा नणंद तिच्याबरोबर ताट धरायला उभी राहिली की अर्धी भीती जाते. आमच्या थोरल्या काकूनं केलं ते कुठल्याही घरात जमण्यासारखं आहे.

आणि एवढं करूनही ती नाहीच म्हणाली, तर निदान माप लवंडून आत आल्यावर नव्या सुनेनं पहिला नमस्कार तिला करावा, आणि पहिला शब्द तिनं बोलावा. तेवढं तरी नक्की होईल.

तुमच्याकडं काय पद्धत आहे? ताट कुणाच्या हातात असतं? प्रामाणिकपणे सांगा.